तेरीज जुळली, पण पुरवठादाराचा उतारा जुळेना: २,७०० ची दुरुस्ती नोंद कशी करू?

निळी_शाई
नमस्कार. मी एका छोट्या व्यवसायाच्या वह्या लिहिते. सगळे हातानेच आहे: खरेदी पुस्तक, विक्री पुस्तक, तीन रकान्यांची रोकडवही आणि खतावणी. वर्षाची तेरीज पहिल्याच फेरीत जुळली म्हणून खूप बरे वाटले होते. मग एका मोठ्या पुरवठादाराकडून खातेउतारा आला. त्यांच्या मते आम्ही त्यांचे ११,३६० देणे लागतो. आमच्या खतावणीत त्यांची जमा बाकी १४,७०० आहे. फरक ३,३४० चा.

दोन दिवस पावत्या लावून पाहिल्या. त्यात दोन गोष्टी सापडल्या. एक म्हणजे आम्ही ६४० चा खराब माल परत केला होता, पण तो खरेदी परत पुस्तकात लिहिलाच नाही. दुसरी म्हणजे त्यांचे १,४८० चे बिल खरेदी पुस्तकात बरोबर लिहिले आहे, पण त्यांच्या खात्यावर चढवताना ४,१८० झाले. आकडे उलटे पडले. म्हणजे २,७०० जास्त जमा. ६४० आणि २,७०० मिळून ३,३४०, त्यामुळे फरकाचा हिशेब लागला.

अडचण अशी की पहिली चूक मला समजते, दुसरी समजत नाही. एकाच बाजूला २,७०० जास्त गेले असतील तर तेरीज जुळली कशी? आणि दुरुस्तीच्या नोंदीत पुरवठादाराला नावे टाकल्यावर समोर जमा कोणाला करू? वर्षाची अंतिम खाती अजून काढलेली नाहीत.

कैरव
सोपे आहे. पुरवठादार खाते नावे २,७००, खरेदी खात्याला जमा २,७००. बिल जास्त रकमेने चढले म्हणजे खरेदीही तेवढीच जास्त दिसते आहे. ६४० साठी पुरवठादार नावे, खरेदी परत जमा. दोन नोंदींत काम संपले.

जुना_खतावणीकार
कैरव, ६४० ची तुमची नोंद अगदी बरोबर आहे. व्यवहार पुस्तकात आलाच नव्हता, त्यामुळे दोन्ही खाती कोरी राहिली. जी नोंद तेव्हा व्हायला हवी होती, तीच आज करायची.

पण २,७०० ची नोंद कृपया करू नका. निळी_शाई यांनी स्पष्ट लिहिले आहे की खरेदी पुस्तकात १,४८० बरोबर आहे. खरेदी खात्यावर जाते ती पुस्तकाची महिन्याची बेरीज, एकेक बिल नाही. पुस्तक बरोबर, बेरीज बरोबर, म्हणजे खरेदी खातेही बरोबर. चूक फक्त पुरवठादाराच्या खात्यात आहे. खरेदीला जमा केलेत तर चांगले खाते बिघडेल, आणि तेरीज जुळलेलीच राहील, त्यामुळे ते कोणाच्या लक्षातही येणार नाही. तेच बिल पुस्तकातच ४,१८० लिहिले गेले असते तर तुमची नोंद योग्य ठरली असती, कारण तेव्हा दोन्ही बाजू सारख्याच चुकल्या असत्या.

निळी_शाई, तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे. जमा बाजू २,७०० ने फुगली आहे आणि तरी तेरीज जुळते. याचा अर्थ वह्यांत आणखी काहीतरी चुकले आहे, आणि त्याचा एकूण परिणाम नेमका २,७०० आहे. एक तर कुठल्या तरी खात्याला २,७०० जास्त नावे पडले आहेत, नाही तर कुठे तरी २,७०० कमी जमा झाले आहेत, किंवा दोन्ही थोडे थोडे. ती दुसरी बाजू सापडेपर्यंत नोंद लिहायला घेऊ नका. तिथे जे सापडेल तेच तुमच्या नोंदीची जमा बाजू असेल.

निळी_शाई
म्हणजे मी एक चूक शोधली, पण तिची जोडी अजून वह्यांत आहे. कुठून सुरू करू? सगळी खतावणी पुन्हा तपासायची तर महिना जाईल.

तारांगण
मला एक कळत नाही. संगणकावर हिशेब ठेवले तर हे होतच नाही ना? आमच्याकडे एका बाजूची नोंद सेव्हच होत नाही. तुमच्या बँकेची बाकी जुळते का ते आधी पाहा, बहुतेक चुका तिथेच निघतात.

जुना_खतावणीकार
तारांगण, बँकेचा मेळ ही वेगळी तपासणी. त्यात रोकडवहीतल्या चुका निघतील, पण पुरवठादाराच्या खात्यावर उलटे पडलेले आकडे बँकेच्या उताऱ्यात कधीच दिसणार नाहीत.

संगणकाबद्दल तुमचे निम्मे बरोबर आहे. बेरजेची आणि एकाच बाजूची चूक तिथे जवळजवळ होत नाही. व्यवहार लिहायचा राहून जाणे, भलत्याच्या नावावर पडणे, भांडवली खर्च महसुली खात्यात जाणे, हे मात्र तितक्याच सहजपणे होते. आणि जुन्या वह्यांतून सुरुवातीच्या बाक्या चढवताना एकतर्फी चूक आत येते. टॅलीत ताळेबंदावर `Difference in opening balances` अशी ओळ दिसते ना, ती त्याचीच. पण तिथेही दोन सुरुवातीच्या बाक्या एकमेकींची भरपाई होईल अशा चुकल्या तर ती ओळ उमटत नाही.

निळी_शाई, सगळी खतावणी तपासू नका. जिथे एक बेरीज आणि तिचे सुटे भाग वेगवेगळ्या खात्यांवर जातात, तिथेच पाहा. विक्री पुस्तकाची बेरीज विक्री खात्यावर जाते आणि सुटी बिले ग्राहकांच्या खात्यांवर. वर्षभरात ग्राहकांच्या खात्यांना उधार विक्रीपोटी एकूण किती नावे पडले ते काढा आणि विक्री खात्यात पुस्तकातून आलेल्या जमेशी ताडून पाहा. खरेदीचे आणि दोन्ही परत पुस्तकांचे तसेच करा. शेवटी रोकडवहीतले सुटीचे रकाने. हे तीन-चार तासांचे काम आहे, आणि फरक कुठल्या पुस्तकात आहे हे त्यातून कळते.

निळी_शाई
सापडले! निदान अर्धे तरी. विक्री पुस्तकात एका पानाची बेरीज १८,६४० आहे. पुढच्या पानाच्या डोक्यावर मी ती १६,६४० अशी ओढली. ग्राहकांच्या खात्यांवर सगळी बिले बरोबर आहेत, विक्री खात्याला मात्र २,००० कमी जमा झाले.

पण आता ७०० उरतात. खरेदी, खरेदी परत, विक्री परत, सगळे ताडून पाहिले. मेळ बसतो. ७०० रकमेचा एकही व्यवहार वर्षभरात नाही.

जुना_खतावणीकार
छान काम केलेत. पुढे ओढताना चुकलेली बेरीज शोधायला सगळ्यात कंटाळवाणी, कारण पानावरची प्रत्येक रक्कम बरोबर असते आणि डोळा तिथेच समाधान मानतो.

७०० चा व्यवहार नसेल तर ३५० चा शोधा. नावेच्या जागी जमा किंवा जमेच्या जागी नावे अशी रक्कम पडली की फरक दुप्पट दिसतो. एका बाजूला असायला हवी ती नाही, आणि दुसऱ्या बाजूला नको ती आली.

निळी_शाई
३५० मिळाले. एका महिन्यात रोकडवहीच्या जमा बाजूच्या सुटीच्या रकान्याची बेरीज ३५० होती. ती आम्हाला पुरवठादारांकडून मिळालेली सूट. पुरवठादारांच्या खात्यांना ती बरोबर नावे पडली आहे. पण महिन्याची बेरीज खतवताना मी ती 'मिळालेली सूट' खात्याला जमा करण्याऐवजी 'दिलेली सूट' खात्याला नावे टाकली.

आता सगळे दिसते आहे. पुरवठादार २,७०० जास्त जमा. विक्री २,००० कमी जमा. मिळालेली सूट ३५० कमी जमा, दिलेली सूट ३५० जास्त नावे. जमा बाजू शेवटी ३५० ने जास्त आणि नावे बाजूही ३५० ने जास्त. म्हणून तेरीज जुळली. तीन स्वतंत्र चुका, तीन वेगळ्या महिन्यांत, आणि एकमेकींना नेमक्या झाकून बसलेल्या.

कैरव
मान्य, माझी नोंद चुकीची होती. पुस्तक न तपासता मी खरेदी चुकली असे गृहीत धरले.
पण एक सांगा, चुकांनी एकमेकींची भरपाई केली आहे तर नफ्यावर परिणाम शून्यच ना? मग वर्षाखेरीस एवढी धावपळ कशासाठी? भरपाईची चूक म्हणजे वजा आणि अधिक सारखे, असे मी शिकलो आहे.

जुना_खतावणीकार
हा गैरसमज मी खूप ठिकाणी पाहिला आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. भरपाई होते ती तेरजेतल्या नावे-जमा बेरजांची. नफ्याची भरपाई होतेच असे नाही. कुठल्या प्रकारची खाती चुकली आहेत त्यावर ते ठरते.

समजा खरेदी पुस्तकाची बेरीज ९०० ने कमी पडली आणि विक्री पुस्तकाचीही ९०० ने कमी पडली. दोन्ही खाती नफ्यात जातात, एकाने नफा वाढला, दुसऱ्याने तेवढाच घटला. तिथे तुमचे म्हणणे खरे ठरते. पण इथे पहिली चूक पुरवठादाराच्या खात्यात आहे आणि ते ताळेबंदावर जाते. तिला झाकणाऱ्या चुका विक्री आणि सूट या नफातोट्याच्या खात्यांत आहेत. त्यामुळे देणे २,७०० ने जास्त दिसते आहे आणि नफा २,७०० ने कमी. ताळेबंद जुळेल, पण त्यातले दोन्ही आकडे खोटे असतील.

निळी_शाई, आता तुमची नोंद. सस्पेन्स खाते उघडलेले नाही, कारण तेरजेत फरकच नव्हता. तेव्हा सरळ एकच संयुक्त नोंद करा:

पुरवठादार खाते … नावे २,७००
  विक्री खात्याला … जमा २,०००
  मिळालेली सूट खात्याला … जमा ३५०
  दिलेली सूट खात्याला … जमा ३५०

सुटीच्या दोन ओळी एकत्र करून ७०० कुठल्याही एका खात्यावर टाकू नका. एका ओळीने चुकून पडलेले ३५० निघून जातात, दुसरीने राहून गेलेले ३५० येतात. बेरीज ७०० असली तरी काम दोन वेगळी आहेत.

६४० ची नोंद स्वतंत्र ठेवा: पुरवठादार खाते नावे ६४०, खरेदी परत खात्याला जमा ६४०. हिनेही नफा ६४० ने वाढेल, पण तिचा या जोडीशी संबंध नाही.

सावली_वही
मी काही वर्षे हिशेब तपासनीसांच्या हाताखाली काम केले आहे. संयुक्त नोंद चुकीची नाही, पण मी तसे केले नसते. मी त्याच दिवशी सस्पेन्स खात्यातून तीन नोंदी केल्या असत्या. पुरवठादार नावे, सस्पेन्सला जमा २,७००. सस्पेन्स नावे, विक्रीला जमा २,०००. सस्पेन्स नावे ७००, दोन्ही सुटींच्या खात्यांना जमा ३५०-३५०. शेवटी सस्पेन्सची बाकी शून्य. प्रत्येक चुकीची नोंद तिच्या कागदासह वेगळी राहते. तिन्ही चुका वेगवेगळ्या महिन्यांतल्या, वेगवेगळ्या पानांवरच्या. एका नोंदीत कोंबल्या की पुढच्या वर्षी वाचणाऱ्याला विक्रीचा पुरवठादाराशी काय संबंध ते कळत नाही.

जुना_खतावणीकार
मुद्दा रास्त आहे, पण मला सस्पेन्स खाते नसलेल्या तेरजेत ते मुद्दाम उघडणे पटत नाही. ते खाते न सापडलेल्या फरकासाठी असते. इथे फरक नव्हता आणि आता चुकाही सापडल्या आहेत. वाचणाऱ्याला कळण्यासाठी नोंदीखालचे स्पष्टीकरण पुरेसे आहे.

सावली_वही
स्पष्टीकरण लोक एका ओळीत 'चूक दुरुस्त केली' असे उरकतात, म्हणून मला भीती वाटते. असो, दोन्ही पद्धतींनी खात्यांच्या बाक्या एकच येतात. निळी_शाई यांनी त्यांच्या तपासनीसांना विचारून ठरवावे.

निळी_शाई
मी संयुक्त नोंद केली आणि स्पष्टीकरण लांब लिहिले. असे चालेल का पाहा: "विक्री पुस्तकाच्या पान ४१ ची बेरीज १८,६४० ऐवजी १६,६४० पुढे ओढली गेली, रोकडवही पान २७ वरील मिळालेली सूट ३५० चुकून दिलेली सूट खात्याला नावे पडली, पुरवठादाराचे १,४८० चे बिल त्याच्या खात्यावर ४,१८० चढले, या तिन्ही चुकांची दुरुस्ती." तारीख चुका झाल्या तेव्हाची टाकायची की आजची?

जुना_खतावणीकार
आजची, म्हणजे चुका सापडल्याची. जुन्या पानांवर खाडाखोड करू नका, पांढरी शाई तर नकोच. फार तर जुन्या आकड्याशेजारी पेन्सिलीने या नोंदीचा पान क्रमांक लिहा. स्पष्टीकरण उत्तम आहे.

आनंदवन_७
धागा वाचून माझेही विचारतो, थोडे वेगळे आहे. मागच्या वर्षाच्या पहिल्याच दिवशी आमच्याकडे यंत्र बसवले. बसवण्याची मजुरी १२,००० झाली आणि ती मजुरी खात्याला नावे टाकली. तेव्हाही तेरीज जुळली होती. आता मागच्या वर्षाची खाती बंद झाली आहेत. मालक एकटेच आहेत, भागीदारी नाही. यंत्र नावे, मजुरीला जमा, असे करू का? घसारा घटत्या बाकीवर १० टक्के आहे.

सावली_वही
हे करू नका. यात तत्त्व चुकले आहे: यंत्र वापरण्याजोगे करायला लागलेला खर्च यंत्राच्या किमतीत जातो. पण मजुरी खाते मागच्या वर्षीच नफ्यात बंद झाले. आज मजुरीला जमा केलेत तर या वर्षाची मजुरी १२,००० ने कमी दिसेल, म्हणजे एका वर्षाची चूक दुसऱ्या वर्षावर ढकलली जाईल.

मजुरीच्या जागी नफातोटा समायोजन खाते घ्या. यंत्र नावे १२,०००, नफातोटा समायोजनाला जमा १२,०००. मग लोक नेहमी विसरतात ती दुसरी नोंद: या १२,००० वर मागच्या वर्षाचा घसारा १,२०० धरलाच गेला नाही. तो नफातोटा समायोजन नावे, यंत्राला जमा. समायोजन खात्यात १०,८०० जमा उरतात, ते मालकाच्या भांडवल खात्याला न्या. या वर्षीचा घसारा या भागावर १०,८०० च्या १० टक्के, म्हणजे १,०८०.

जुना_खतावणीकार
सहमत. एवढेच जोडतो की हे एकट्या मालकाच्या किंवा भागीदारीच्या वह्यांसाठी. ज्या कंपन्या आंतरराष्ट्रीय मानकांप्रमाणे खाती मांडतात, त्यांना आयएएस ८ लागू होते. मागच्या काळातली चूक महत्त्वाची असेल तर त्यांना आधीच्या वर्षाचे तुलनेसाठी दिलेले आकडेच सुधारून दाखवावे लागतात.

कैरव
पण ही तत्त्वाची चूक तेरजेत का दिसली नाही? रक्कम मोठी होती.

जुना_खतावणीकार
कारण रकमेला महत्त्व नाही, बाजूला आहे. १२,००० नावेच पडायचे होते आणि नावेच पडले, फक्त खाते चुकले. एका ग्राहकाची रक्कम दुसऱ्या ग्राहकाला जमा झाली तरी तेरीज असेच गप्प बसते. तेच काम करताना रक्कम किंवा बाजू चुकली तर मात्र ती बोलते, अर्थात समोर भरपाई करणारी चूक नसेल तर. म्हणून 'लिहिण्यातली चूक तेरजेत दिसते की नाही' याला हो किंवा नाही असे सरळ उत्तर नाही.

निळी_शाई
नोंदी केल्या. पुरवठादाराची बाकी १४,७०० मधून २,७०० आणि ६४० वजा होऊन ११,३६० आली, त्यांच्या उताऱ्याशी तंतोतंत जुळली. तेरीज नव्याने काढली, तीही जुळली.

पण मला शंका आली म्हणून बाकीच्या महिन्यांतली सुटीची खतावणी पाहिली. सुरुवातीच्या एका महिन्यात मी हीच चूक केली आहे. मिळालेली सूट १८०, तीही दिलेल्या सुटीला नावे. म्हणजे ३६० चा फरक पडायला हवा होता. तरी तेरीज जुळते.

जुना_खतावणीकार
मग अजून एक जोडी आहे. या वेळी दिशा उलटी धरा: सुटीच्या चुकीने नावे बाजू ३६० ने जड झाली आहे, तेव्हा तिला झाकणारी चूक ३६० कमी नावे किंवा ३६० जास्त जमा अशी असेल.

पुस्तकांच्या बेरजांचा मेळ तुम्ही आधीच घातला आहे, तेव्हा तिथे ती नसावी. सुट्या खतावणीत पाहा, विशेषतः रोकडवहीतून थेट खात्यांवर जाणाऱ्या खर्चांत.

कैरव
३६० ला ९ ने भाग जातो, आधीच्या २,७०० सारखाच. म्हणजे याही वेळी कुठे तरी आकडे उलटे पडले असणार ना?

सावली_वही
९ ने भाग जाणे ही फक्त खूण आहे. आकडे उलटे पडले तर फरकाला ९ ने भाग जातो, पण भाग गेला म्हणजे आकडे उलटेच पडले असे नाही. इथेच पाहा, १८० दुप्पट होऊन ३६० झाले, त्यात आकडे उलटण्याचा काही संबंध नाही. तरी स्वस्तातली तपासणी म्हणून आधी ते पाहायला हरकत नाही: ५१० चे १५०, ६२० चे २६० असे काही खर्चाच्या खात्यांत नावे पडले आहे का.

निळी_शाई
टपाल, छपाई, दुरुस्ती आणि प्रवास ही चार खाती आज रोकडवहीशी ओळीने लावून पाहिली. चारही बरोबर निघाली. वीज आणि भाडे उद्या. तोवर १८० ची नोंद थांबवून ठेवते, कारण समोर कोणते खाते येणार ते अजून माहीत नाही.